पिन, आर्काइव्ह की स्टार? व्हॉट्सॲपवरचे कामाचे मेसेज हरवू नयेत म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी रविवारी सकाळी मोबाइलचा वर्ग घेते. वर्ग तासाभराचा, प्रश्न मात्र आठवडाभर येत राहतात. बहुतेकांची सुरुवात एकच: "अगं, परवा आलेला तो मेसेज आता दिसतच नाहीये." तो असतो तिथेच, वर शुभ सकाळचे ढीग पडलेले असतात इतकंच. तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. बटणांची नावं इंग्रजी पडद्यावर दिसतात तशीच दिली आहेत. फोन मराठीत केला असेल तर शब्द वेगळे दिसतील, चिन्हं तीच असतील.

१. पिन, आर्काइव्ह आणि स्टार या तिन्हींत नेमका फरक काय?

पिन आणि आर्काइव्ह अख्ख्या चॅटला लागतात, स्टार एकेका मेसेजला. पिन केलं की ते चॅट यादीच्या डोक्यावर बसतं आणि खाली कितीही मेसेज आले तरी हलत नाही. आर्काइव्ह केलं की चॅट यादीतून उचलून बाजूच्या खोलीत जातं. पुसलं जात नाही, नुसतं नजरेआड होतं. आणि स्टार म्हणजे वहीच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवणं.

मी वर्गात एवढंच विचारते: तुम्हाला माणूस हवाय, शांतता हवीय की वाक्य हवंय? माणूस हवा असेल तर पिन, शांतता हवी असेल तर आर्काइव्ह, आणि "हॉलचा ताबा संध्याकाळी ५ ला" हे एक वाक्य हवं असेल तर स्टार. तिन्ही गोष्टी फक्त तुमच्या बाजूला होतात, समोरच्याला त्यातलं काही कळत नाही. अपवाद एकच, तो प्रश्न ४ मध्ये आहे.

२. चॅट पिन कसं करायचं?

अँड्रॉइडवर चॅट उघडू नका. यादीतच त्याच्यावर बोट दाबून धरा, वरच्या पट्टीत टाचणीचं चिन्ह येतं, ते दाबा. आयफोनवर चॅट उजवीकडे सरकवा, `Pin` दिसेल. काढायचं असेल तर पुन्हा तेच करा.

पिन केल्याने त्या चॅटचा आवाज वाढत नाही की कमी होत नाही. म्यूट केलेला ग्रुप पिन केला तर तो वर दिसेल, पण गप्पच राहील. काही जणांना हेच सोयीचं पडतं: सोसायटीचा ग्रुप वर हवा, पण दर दोन मिनिटांनी टिंग नको.

३. तीनच चॅट पिन होतात. माझी तर आठ महत्त्वाची आहेत, मग?

चौथं पिन करायला गेलं की व्हॉट्सॲप नाही म्हणतं. मला विचाराल तर तीनची मर्यादा बरी आहे. आठ पिन झाली की पडदा तिथेच संपतो, आणि वर काय न् खाली काय, सारखंच होतं.

एक पिन मी कायम स्वतःच्याच चॅटला देते. नव्या चॅटच्या यादीत तुमचं स्वतःचं नाव असतं, त्याखाली `Message yourself` लिहिलेलं दिसतं. ते चॅट म्हणजे घरातली चिठ्ठ्या अडकवायची तार. वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, चष्म्याचा नंबर, डॉक्टरांची वेळ, सगळं तिथे पाठवून ठेवा. उरलेल्या दोन पिनांवर सध्या जे काम चालू असेल त्यातली माणसं बसवा. काम संपलं की माणूस बदला. बहुतेकांच्या फोनवर पिन एकदा लागली की वर्षानुवर्षं हलत नाही. एका काकांच्या फोनवर घर रंगवणारा दोन वर्षं पहिल्या नंबरवर होता.

आठ चॅट एकत्र हवीच असतील तर यादी करा. चॅटच्या मुख्य यादीच्या वर `All`, `Unread`, `Groups` अशा गोळ्या दिसतात. त्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह असतं, त्यातून "लग्न" किंवा "दवाखाना" अशी स्वतःची यादी करून हवी ती चॅट तिच्यात घालता येतात. तिला तीनची मर्यादा नाही.

४. ग्रुपमध्ये कुणीतरी मेसेज पिन केला तर तो सगळ्यांनाच दिसला. माझी पिन पण सगळ्यांना दिसते का?

या दोन वेगळ्या पिना आहेत, नाव मात्र एकच ठेवल्याने गोंधळ होतो. प्रश्न २ मधली पिन चॅटला लागते आणि ती तुमची खासगी. ही दुसरी मेसेजला लागते. चॅटच्या आत एखाद्या मेसेजवर बोट दाबून धरून `Pin` निवडलंत की तो चॅटच्या माथ्यावर पट्टीसारखा चिकटतो, सगळ्यांना दिसतो आणि कुणी पिन केला तेही ग्रुपमध्ये लिहून येतं. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपमध्ये पाटलांचा टोमणा "मला नंतर वाचायला" म्हणून पिन करू नका. नंतर वाचायला स्टार आहे.

मेसेजच्या पिनेला मुदत असते: २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. एका चॅटमध्ये असे तीन मेसेज राहतात. "पाणी उद्या सकाळी १० ते ४ बंद" याला २४ तास पुष्कळ झाले. वर्षभर लागणारी गोष्ट, म्हणजे देखभाल खर्चाचा खाते क्रमांक वगैरे, पिन करू नका. महिन्याने ती उतरते आणि नंतर ग्रुपमध्ये आलेल्या माणसाला जुन्या मेसेजची पिन दिसेलच असंही नाही. ते ग्रुपच्या वर्णनात लिहा. कुणाला पिन करता यावी, सगळ्यांना की फक्त ॲडमिनना, हे ग्रुपच्या परवानग्यांत ठरवता येतं.

५. आर्काइव्ह केलं की मेसेज पुसले जातात का? समोरच्याला कळतं का?

दोन्हींचं उत्तर नाही. त्यांच्या बाजूला मेसेज नेहमीसारखे पोचतात, दोन टिक येतात, तुम्ही उघडून वाचलंत की निळ्या होतात. ग्रुप आर्काइव्ह केलात तरी तुम्ही ग्रुपमध्येच असता, "बाहेर पडले" असं काही येत नाही. व्याह्यांचा ग्रुप सोडता येत नाही आणि सोसवतही नाही, अशा वेळी हाच मार्ग.

करायची पद्धत: अँड्रॉइडवर चॅटवर बोट दाबून धरा, वरच्या पट्टीत खालच्या दिशेचा बाण असलेली पेटी येते, ती दाबा. आयफोनवर चॅट डावीकडे सरकवा, `Archive`. एक लक्षात ठेवा, पिन केलेलं चॅट आर्काइव्ह केलं की त्याची पिन निघते. परत बाहेर काढल्यावर पुन्हा लावावी लागते.

६. आर्काइव्ह केलेलं चॅट आता सापडत नाही.

यादीच्या अगदी वर जा. तिथे `Archived` अशी ओळ असते. दिसत नसेल तर यादी बोटाने थोडी खाली ओढा. तरीही नाही दिसली तर वरच्या गोळ्यांत `All` निवडलेलं आहे का बघा. `Unread` किंवा `Groups` वर अडकून लोक पाच-पाच मिनिटं शोधत बसतात.

सोपा उपाय म्हणजे शोध. वरच्या शोधपट्टीत माणसाचं नाव टाका, आर्काइव्हमधलं चॅटही वर येतं. `Archived` या ओळीशेजारचा आकडा म्हणजे आतल्या किती चॅटमध्ये न वाचलेले मेसेज आहेत तो. मेसेज किती आहेत तो नव्हे. ४ दिसलं तर चार चॅट, त्यांत मेसेज चारशेही असू शकतात.

७. आर्काइव्हमधल्या माणसाचा महत्त्वाचा मेसेज आला आणि मला कळलंच नाही. असं कसं?

कारण आर्काइव्ह म्हणजे गप्प करणंही असतं, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २०२१ च्या जुलैपर्यंत नवा मेसेज आला की चॅट आपोआप बाहेर यायचं. आता ते आतच राहतं आणि सूचना वाजत नाही. ग्रुपमध्ये कुणी `@` लावून तुमचं नाव घेतलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तरच सूचना येते. फोन कॉल मात्र नेहमीसारखा वाजतो.

खरी गोम एकट्या माणसाच्या चॅटमध्ये आहे. ग्रुपमध्ये तुमचं नाव घेऊन बोलावतात. पण एकास एक बोलताना कुणी `@` लावत नाही, सरळ लिहितं. माझ्याच बाबतीत झालं. मावसबहिणीच्या लग्नाचं कार्यालय मी ठरवत होते. आगाऊ रक्कम भरली, पावती मिळाली, आता दोन महिने काही काम नाही म्हणून व्यवस्थापकांचं चॅट आर्काइव्हमध्ये टाकलं. त्यांनी मध्येच साधा मेसेज टाकला: "ताई, शनिवारऐवजी रविवारी सकाळचा हॉल चालेल का, उद्यापर्यंत कळवा." मी तो नवव्या दिवशी पाहिला. ते आपले समजले की मला चालणार आहे. पुढचे तीन दिवस काय काय झालं ते लिहीत नाही, एवढंच सांगते की गुरुजी दोन वेळा बदलले.

तेव्हापासून माझा नियम: आर्काइव्ह ग्रुपसाठी. जिवंत व्यवहार चालू असलेला एकटा माणूस तिथे टाकायचा नाही, त्याला नुसता खाली घरंगळू द्यायचा. त्याचा मेसेज आला की तो आपसूक वर येतो आणि वाजतोही.

८. माझ्या यजमानांच्या फोनवर आर्काइव्ह केलेले ग्रुप आपोआप बाहेर येतात, माझ्या फोनवर येत नाहीत. का?

त्यांच्याकडे एक बटण बंद आहे. `Settings`, मग `Chats`, आणि त्यात `Keep chats archived`. चालू असेल तर चॅट आतच राहतं. बंद केलं तर पूर्वीसारखं, नवा मेसेज आला की बाहेर. प्रश्न ७ वाचून धास्ती बसली असेल तर हे बंद ठेवणं हा एक मार्ग आहे, पण मग रोज सव्वाशे मेसेजांचा ग्रुप आर्काइव्ह करून काही उपयोग नाही, मिनिटभरात तो पुन्हा हजर.

९. स्टार केलेले मेसेज कुठे जाऊन बसतात?

मेसेज जागच्या जागीच राहतो, त्याच्या कोपऱ्यात छोटी चांदणी येते आणि एका वेगळ्या यादीत त्याची नोंद होते. लावायला मेसेजवर बोट दाबून धरा आणि चांदणी दाबा. सगळी यादी बघायला अँड्रॉइडवर मुख्य पडद्याच्या तीन टिंबांत `Starred`, आयफोनवर सेटिंग्जमध्ये तेच नाव. एकाच माणसाचे किंवा ग्रुपचे स्टार हवे असतील तर चॅट उघडून वरच्या नावावर दाबा, खालच्या माहितीत ते वेगळे मिळतात. हा दुसरा रस्ता जास्त कामाचा, आणि तोच कमी लोकांना माहीत असतो. यादीतल्या मेसेजवर दाबलंत की तुम्ही मूळ चॅटमध्ये त्याच जागी पोचता, त्यामुळे मागचं-पुढचं बोलणंही दिसतं.

१०. माझे स्टारच दीडशे झालेत. आता त्यांत शोधणं म्हणजे पुन्हा तोच त्रास.

दोन कारणं असतात. एक, आपण आवडलं म्हणून स्टार करतो: सुविचार, नातवाचा फोटो, भजन. ते असू द्या, पण कामाच्या चांदण्या त्यांतच मिसळतात. फोटो गॅलरीत आहेत, सुविचार उद्या पुन्हा येणारच आहे.

दुसरं कारण जास्त नडतं. व्हॉइस मेसेज किंवा बिनमजकुराचा फोटो स्टार केला की यादीत नुसती "०:४८" अशी पट्टी दिसते. सहा महिन्यांनी त्यात काय होतं ते कुणाला आठवणार? आणि शोधपट्टी आवाजात शोधत नाही.

यावर मी एक युक्ती करते. आलेल्या व्हॉइस मेसेजला उत्तर म्हणून एक ओळ टाइप करते. आचाऱ्यांनी ४८ सेकंदांत सांगितलं की पानाचा दर काय आणि माणसं कधीपर्यंत कळवायची. मी त्याच मेसेजवर उत्तर देते: "आचारी दर – पंगत, पानाला ३५० रुपये, आकडा ८ दिवस आधी कळवणे. बरोबर ना?" ते "हो ताई" म्हणतात. मग मी त्यांचा आवाज स्टार करत नाही, माझी ओळ करते. ती शोधात सापडते आणि तिच्यावरच्या उद्धृत पट्टीवर दाबलं की मूळ आवाजापर्यंत जाते. शिवाय बोलण्याला लेखी होकार मिळाला, तो निराळाच फायदा.

११. स्टार केलेला मेसेज गायब झाला! स्टार म्हणजे सेव्ह नाही का?

नाही. स्टार ही खूण आहे, कपाट नाही. पान फाटलं की दुमडलेला कोपराही जातो. हा सगळ्यांत जास्त येणारा आणि सगळ्यांत उशिरा येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

मेसेज तीन वाटांनी जातो. पहिली, पाठवणाऱ्याने सगळ्यांसाठी पुसला. ही मुभा त्याला साधारण दोन दिवस असते. तुम्ही स्टार केलेलं असलं तरी मेसेज जातो आणि "हा मेसेज डिलीट केला गेला" एवढंच उरतं. पाठवणारा पहिल्या १५ मिनिटांत मजकूर बदलूही शकतो, मग तुमच्या स्टारखाली बदललेला मजकूर येतो. दुसरी वाट म्हणजे तुम्हीच चॅट साफ केलं, ते प्रश्न १२ मध्ये. तिसरी फसवी आहे: मेसेज असतो, चांदणीही असते, पण दाबलं की फोटो उघडत नाही, धूसर दिसतो. याचा अर्थ फोनमधली मूळ फाइलच गेली. जागा भरली म्हणून गॅलरी किंवा फाइल्स साफ केल्या, त्यात व्हॉट्सॲपचा फोल्डरही झाडला गेला. व्हॉट्सॲप तुमचे फोटो कायमचे सांभाळून ठेवत नाही, त्यामुळे जुनी फाइल पुन्हा उतरवता येत नाही. मग पाठवणाऱ्यालाच परत मागायची, त्याच्याकडे असली तर.

म्हणून पावती, तपासणीचा अहवाल, करारनामा, विम्याचं पत्र अशी कागदाच्या तोलाची गोष्ट आली की स्टारवर थांबू नका. फाइल उघडा, शेअर करा, ड्राइव्हमध्ये किंवा स्वतःच्या ईमेलवर टाका. मजकूर असेल तर तो प्रश्न ३ मधल्या स्वतःच्या चॅटमध्ये फॉरवर्ड करा. ती तुमची वेगळी प्रत होते, मूळ माणसाने त्याचा मेसेज पुसला तरी तुमची राहते.

१२. चॅट साफ करायचंय, पण स्टार केलेले तेवढे राहू द्यायचेत. जमतं का?

जमतं, फक्त योग्य बटण दाबा. `Clear chat` दाबलं की अँड्रॉइडवर चौकटी असलेली खिडकी येते, त्यात स्टार केलेलेही पुसायचे का असं विचारतात. त्या चौकटीत खूण ठेवू नका. आयफोनवर स्टार वगळून बाकीचं पुसायचा पर्याय येतो. गॅलरीतले फोटोही पुसायचे का ही दुसरी चौकट असेल, तिच्याकडेही बघा, नाहीतर प्रश्न ११ मधली तिसरी वाट.

`Delete chat` मात्र वेगळं. ते चॅटच उचलून फेकतं, चांदण्यांसकट. ग्रुपमधून नुसतं बाहेर पडलात तर जुने मेसेज आणि स्टार तुमच्याकडे राहतात. नंतर तो ग्रुप यादीतून डिलीट केलात की जातात. साफसफाईच्या भरात लोक नेमकं हेच करतात: दिवाळीचा ग्रुप संपला, सोडला, डिलीट केला, आणि मग आठवतं की आकाशकंदीलवाल्याचा नंबर त्यातच होता.

१३. आपोआप गायब होणारे मेसेज स्टार केले तर राहतात का?

राहतात असं धरून चालू नका. चॅटला २४ तास, ७ किंवा ९० दिवसांची मुदत लावलेली असेल तर चांदणीने ती थांबत नाही. तिथे मेसेज दाबून धरल्यावर `Keep` हा वेगळा पर्याय असतो. तो निवडला की मेसेज चॅटमध्ये सगळ्यांसाठी राहतो, पाठवणाऱ्याला तसं कळतं आणि तो नको म्हणाला तर त्याचंच चालतं. एकदाच उघडणारा फोटो तर स्टारही होत नाही.

१४. नवा फोन घेतला तर पिन, आर्काइव्ह, स्टार जातील का?

चॅटचा बॅकअप नव्या फोनवर नीट उतरला तर स्टार त्याच्यासोबत येतात. बॅकअप शेवटचा कधी झाला तेवढं आधी बघा: `Settings`, `Chats`, `Chat backup`. तिथली तारीख गेल्या वर्षीची असेल तर त्यानंतरचे मेसेजच येणार नाहीत, मग स्टार कसले? अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांना गूगलचा बॅकअप चालत नाही, दोन्ही फोन शेजारी ठेवून `Move to iOS` या ॲपने न्यावं लागतं. पिना तीनच, त्या हाताने पुन्हा लावायला अर्धा मिनिट पुरतं, त्यांची चिंता नको. लॅपटॉपवर जोडलेल्या व्हॉट्सॲपमध्ये तिन्ही गोष्टी फोनप्रमाणेच दिसतात.

१५. घरात लग्न आहे. वीस चॅट एकदम सुरू झालीत. नक्की काय कुठे ठेवू?

मावसबहिणीच्या लग्नात, प्रश्न ७ मधला घोटाळा निस्तरल्यावर, मी अशी मांडणी केली होती. पिना तीन: माझं स्वतःचं चॅट, कार्यालयाचे व्यवस्थापक आणि आम्हा चौघींचा कामाचा ग्रुप. आचारी, गुरुजी, फुलवाला, मेंदीवाली, बसवाला हे सगळे "लग्न" नावाच्या यादीत. त्यांना पिन नाही, कारण त्यांच्याशी रोज बोलणं नसतं, पण एका गोळीवर दाबलं की सगळे रांगेत उभे.

आर्काइव्हमध्ये गेले ते ग्रुप: केळवणांचा, साड्यांच्या फोटोंचा, नाचाच्या सरावाचा, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या दुसऱ्या लग्नाचा, जो अजून कुणी सोडायला तयार नव्हता. रात्री जेवणं झाली की एकदा आत डोकावायचं. कुणाला माझ्याशीच काम असेल त्याने `@` लावावं, असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

स्टार अगदी मोजके केले, एकूण चौदा. मुहूर्ताची वेळ, हॉलचा ताबा आणि सोडायची वेळ, पानांचा आकडा कळवायची शेवटची तारीख, बसचालकाचा नंबर, अशा गोष्टी. प्रत्येक विषयाला एकच स्टार. वेळ बदलली की नव्या मेसेजला चांदणी लावायची आणि जुन्याची त्याच क्षणी काढायची. हे चुकलं की यादीत दोन मुहूर्त दिसतात आणि घाईत माणूस वरचा वाचतो. पावत्या मात्र स्टारवर सोडल्या नाहीत, ड्राइव्हमध्ये एका फोल्डरात टाकून तो तिघींना दिला.

लग्नानंतर आठवड्याने हिशेब मिटले तसं एकेक चॅट यादीतून काढलं. आचाऱ्यांची ओळ अजून स्टार आहे, लोक दर विचारतात.

१६. आर्काइव्ह केलं की दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही ना?

येईल. फोन हातात असलेला कुणीही `Archived` उघडू शकतो. झाकायचं असेल तर `Lock chat` वापरा. ते चॅट वेगळ्या कप्प्यात जातं आणि बोटाचा ठसा किंवा फोनचा पासकोड लागतो. बँकेचे पिन-पासवर्ड मात्र कुठल्याच चॅटमध्ये ठेवू नका, स्वतःच्याही नाही.

१७. बाबा गेले. त्यांचं चॅट मला कायमचं ठेवायचंय. पिन करू, आर्काइव्ह करू की काय करू?

पिन की आर्काइव्ह, हे तुम्हाला रोज दिसलेलं सोसतं की नाही यावर ठरवा, मेसेजांच्या सुरक्षिततेवर त्याचा काही परिणाम नाही. त्यांचं खातं बरेच दिवस वापरात नसेल तर व्हॉट्सॲप ते काढून टाकतं, पण तुमच्या फोनमधलं चॅट तसंच राहतं.

धोका दुसरीकडे आहे. चॅट माणसाशी नाही, नंबराशी जोडलेलं असतं. त्यांचं सिम बंद झालं की काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर अनोळखी माणसाला देऊ शकते. त्याने व्हॉट्सॲप सुरू केलं की त्याच चॅटमध्ये, "बाबा" या नावाखाली, परक्याचा फोटो दिसू लागतो. माझ्या वर्गातल्या एका बाईंना असा एका सकाळी "हू इज धिस" आला होता. त्यांनी चुकून दिवाळीचा संदेश सगळ्यांना पाठवला, त्यात बाबांचा नंबरही होता.

तेव्हा आधी चॅट बाहेर काढा. चॅट उघडून तीन टिंबं, `More`, `Export chat`. आयफोनवर नावावर दाबून खाली तोच पर्याय. फोटो-आवाजासकट निवडा आणि स्वतःच्या ईमेलवर किंवा ड्राइव्हवर पाठवा. चॅट फार जुनं आणि मोठं असेल तर सगळं एका फाइलीत येत नाही, म्हणून त्यांचे व्हॉइस मेसेज एकेक करूनही शेअर करा. असे व्हॉइस मेसेज मोजकेच असतात, तासाभराचं काम. मग नंबर दुसऱ्या नावाने जतन करा, "बाबा जुना नंबर" असा, म्हणजे उद्या तिथून काही आलं तरी दचकायला होणार नाही. त्यानंतर चॅट आर्काइव्हमध्ये टाका, आणि त्यातल्या दोन-चार मेसेजांना चांदणी लावून ठेवा. "पोचलीस का" एवढंच लिहिलेलं असलं तरी चालेल.